उठून बस, मग वळ

कूस बदलणं हे काही काम असतं, असं सत्तावीस वर्षं मला वाटलं नव्हतं. माणूस झोपेत वळतो, सकाळी त्याला आठवतही नाही. पहिल्या बाळंतपणासाठी मी मालेगावहून नाशिकला माहेरी आले, आणि तिथे या अंगावरून त्या अंगावर होणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होऊन बसला. हे ऐकून बायासुद्धा हसतात. परवाच एकजण मला म्हणाली, आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. माझं डोकं असं सणकलं की हातातला चहा तसाच ठेवून मी उठून आले. थेरं म्हणे. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

दुखायला लागलं ते पाचव्या महिन्यात. मी तेव्हा मालेगावच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. एका पायावर उभं राहून सलवार घालायला गेले आणि पुढे, ओटीपोटाच्या अगदी खाली जिथे हाड लागतं, तिथे कुणीतरी चिमटा लावून ओढल्यासारखी कळ आली. मग मागेही सुरू झालं, माकडहाडाच्या वर, उजव्या बाजूला, जिथे खळगा असतो तिथे. शाळेचा जिना चढताना दुखे. नवऱ्याच्या स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसले की उतरताना दुखे. पण या सगळ्याची कमाल गादीवर. कूस बदलायला गेलं की आत हाडावर हाड सरकल्यासारखं वाटायचं, कधी कट् असा आवाज यायचा आणि तोंडातून किंकाळी निघायची. तिथल्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी वर न बघता कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. सगळ्यांनाच दुखतं, म्हणाले. सगळ्यांना म्हणजे कुणाला, हे विचारायचं धाडस मला तेव्हा नव्हतं. आता आहे, पण ते डॉक्टर आता नाहीत.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून मी माहेरी आले. आमचं घर पंचवटीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांची लोखंडी कॉट, त्यावर बाबा, त्यांच्या हातात पेपर आणि उशाशी रेडिओ. ते नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते आणि घरात बसायची सवय नसलेल्या माणसासारखे गप्प असत. आतल्या खोलीत फरशीवर गाद्या घालून मी आणि आई. आई म्हणजे कामाला वाघ, बोलण्यात मऊ, आणि एकदा मनात घेतलं की हलवता न येणारी.

पहिल्याच दिवशी दुपारी मी आडवी झाले आणि थोड्या वेळाने वळायला लागले, तशी आईने माझा खांदा धरला. झोपल्या झोपल्या वळायचं नाही, म्हणाली. आधी उठून बसायचं, बसल्या बसल्या फिरायचं, आणि मग दुसऱ्या कुशीवर निजायचं. नाहीतर बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा पडतो. हे मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. मालेगावला सासूबाईंनीही सांगितलं होतं, शेजारणींनीही सांगितलं होतं. पण तिथे रात्री कोण बघायला येतंय. इथे आई माझ्या शेजारी निजत होती, आणि तिची झोप मांजरीची. मी नुसती हलले की अंधारात आवाज यायचा, "उठून बस, मग वळ."

ज्यांना दुखलेलं नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. ते सांगते. पाठीवरून सरळ उठून बसायचं म्हणजे पोटावर सगळा जोर, आणि तो जोर नेमका जाऊन त्या पुढच्या हाडाच्या सांध्यावर बसतो. मग बसल्या बसल्या फिरायचं म्हणजे एक पाय आधी टाकायचा, दुसरा मागून ओढायचा. पाय फाकले की पुढे फाटल्यासारखं होतं, आणि एका ढुंगणावर भार आला की मागे खळग्यात सुरी. मग परत आडवं व्हायचं. आणि एका कुशीवर तासभर गेला की खुबा बधिर होतो, परत तेच. पंधरा दिवसांत मी सकाळी उठून मोरीपर्यंत भिंत धरून जायला लागले, बदकासारखी डुलत. आईला वाटे, दिवस भरत आलेत म्हणून. वर तिचं आणखी एक होतंच, उकिडवं बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपं जातं. तेही मी केलं. चांगल्या मुलीसारखं केलं. त्या चांगुलपणाचा मला अजून राग येतो.

एका सकाळी मला उंबरा ओलांडता येईना. पाय उचलायचं मनात आणते आहे आणि पाय जमिनीला खिळलेला. तेव्हा मात्र आई घाबरली. जिथे नाव घातलं होतं त्या डॉक्टरबाईंकडे रिक्षाने गेलो. त्या बऱ्या होत्या. मी टेबलावर चढताना त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, हे साधं दुखणं नाही, कंबरेच्या सांध्यांचं आहे, आणि एका फिजिओथेरपीच्या बाईंकडे चिठ्ठी दिली.

या बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, म्हणजे ज्याला जिना चढता येत नाही त्यानेच जिना चढून यायचं. हे त्यांनाही कळत होतं, कारण त्या खाली उतरून आल्या आणि मला एकेक पायरी कशी चढायची ते तिथेच शिकवलं. आधी बरा पाय वर, मग दुखरा त्याच्या शेजारी, आणि मगच पुढची पायरी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी या दुखण्याबद्दल कामाचं काही बोललं.

वर त्यांनी मला उताणं निजवलं आणि उजवा पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायला सांगितलं. उचलेना. पाय माझा नव्हेच असं वाटलं. मग त्यांनी दोन्ही तळहातांनी माझे खुबे दोन्ही बाजूंनी आत दाबून धरले आणि म्हणाल्या, आता उचला. आणि पाय उचलला गेला. मला रडूच आलं. दुखलं म्हणून नाही. तीन महिने सगळे म्हणत होते की नाजूक आहे, लाडावली आहे, आणि इथे एका बाईने दोन हातांनी दाखवून दिलं की माझ्यात काहीतरी खरोखर सैल झालंय. त्यांनी समजावून सांगितलं. कंबरेचं कडं एकसंध नसतं, पुढे एक सांधा आणि मागे दोन. दिवस असताना त्यांना धरून ठेवणारे बंध ढिले होतात, वरून पोटाचं ओझं वाढतं. मग एका बाजूवर जास्त जोर पडला की सांधे कुरकुरतात. बाळाला यातून काही होत नाही, पण आईला होतं, आणि ते सोसत बसायची काही गरज नसते.

मग त्यांनी मला वळायला शिकवलं. दोन्ही गुडघे वाकवायचे, मध्ये उशी धरून घट्ट जुळवायचे. श्वास सोडत ओटीपोट हलकं आत ओढायचं. आणि मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम, लाकडाचा ओंडका लोळावा तसं वळायचं. कंबर आधी आणि पाय मागून असं नाही. उठताना आधी कुशीवर व्हायचं, पाय जोडून खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं. पाठीवरून सरळ उठून बसायचं नाही, ते सगळ्यात वाईट. मांडी नाही, उकिडवं नाही, फरशीवर निजणं नाही. चादरीवर कंबरेखाली एखादी गुळगुळीत नायलॉनची साडी टाका, म्हणाल्या, म्हणजे अंग घासत नाही, सरकतं. खुब्यांभोवती बांधायला एक रुंद पट्टा दिला. मी त्या टेबलावर वळले. डावीकडून उजवीकडे. दुखलं, पण किंकाळी आली नाही.

आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघत होती. शेवटी तिने विचारलं, "आणि नाळ? वेढा पडला म्हणजे?"

त्या हसल्या, वाईट नाही, सहज. म्हणाल्या, "आई, बाळ पाण्यात असतं, ते स्वतःच दिवसभर कोलांट्या मारतं. वेढा पडायचा तर त्याच्या फिरण्याने पडतो. हिच्या वळण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

मला वाटलं, सुटले. परत निघालो. रिक्षात आई रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, तुझ्या आधीचा कसा गेला माहितेय तुला?

माझ्या आधी एक मुलगा होऊन गेला होता एवढं मला माहीत होतं. घरात त्याच्याबद्दल बोलत नसत. पोटातच गेला, पूर्ण दिवसांचा, आणि जन्मला तेव्हा गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. आईच्या सासूने, म्हणजे माझ्या आजीने, त्याच दिवशी निकाल लावला. ही लोळत वळायची, मी स्वतः पाहिलंय, हिनेच पोराच्या गळ्याला फास लावला. फास हाच शब्द. बारशाला, लग्नाला, चार बायका जमल्या की हा शब्द निघायचा. माझ्या वेळी आई नऊ महिने बसून वळली, मी जिवंत जन्मले, आणि म्हाताऱ्या बाईचं म्हणणं खरं ठरलं. आजी मेली तरी शब्द राहिला. हे सगळं आईने रिक्षात, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, हे मात्र मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. देवमाणूस. हे म्हणजे बाबा.

मी तिला म्हटलं, अगं मग आत्ता त्या बाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना. तुझ्यामुळे नाही गेला तो. मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. मला काय अक्कल होती. तीस वर्षं ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगली तो गुन्हा घडलाच नव्हता, हे रिक्षाच्या मीटरएवढ्या वेळात कोण मान्य करेल. ती म्हणाली, कालची पोर ती, तिला काय कळतंय. आणि विषय संपला.

घरी आल्यावर मी बाबांना उंच पलंगाचं सांगितलं. ते उठले, आपली वळकटी गुंडाळली आणि कॉट मला दिली. आतल्या खोलीत ती सरकवून दिली, वर नायलॉनची साडीही स्वतः अंथरली. आईने बघून मान हलवली, बघ, म्हणत होते ना मी, अशा अर्थाने.

त्यानंतरचे दहा दिवस मी जगले. रात्री आईच्या हुकमाप्रमाणे उठून बसायचे, पण दुपारी ती मागे धुणं धुवायला गेली की गुडघ्यांत उशी धरून, श्वास सोडून, बाईंनी शिकवलं तसं वळायचे. साडी खरंच सरकायची. हळूहळू रात्रीही मी धीट झाले. उंबरा ओलांडता यायला लागला. मला वाटलं आईला पत्ता नाही. एका दुपारी डोळा लागला होता, जागी झाले, सवयीने वळले. आई खाली गादीवर तांदूळ निवडत बसली होती. तिची पाठ माझ्याकडे होती. तरी तिचा हात थांबला.

"कण्हली नाहीस," ती म्हणाली. "वळलीस कशी?"

माझ्या कण्हण्यावर तिचा पहारा होता. दुखलं म्हणजे मी नीट वागतेय. मी रागाने उठले, हो, नीट कुशीवरून उठले, आणि तिला जे बोलायचं नव्हतं ते बोलले. म्हटलं, तुझ्या सासूने तुला छळलं म्हणून तू मला छळणार का. ती रडली नाही, भांडली नाही. तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, पायांत चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन तिने मालेगावला फोन लावला. माझ्या सासूबाईंना सांगितलं, ही माझं ऐकत नाही, झोपूनच वळते, उद्या काही झालं तर मला बोल लावू नका.

आईने माझी तक्रार केली. माझ्याच आईने. कित्येक वर्षं मला हे गिळता आलं नाही. आता कळतं, पण कळलं म्हणून कमी लागतं असं नाही. बोल लागणं म्हणजे काय ते तिला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं, आणि ते दुसऱ्यांदा यायच्या आत तिने स्वतःला सोडवून घेतलं. मी मात्र अडकले.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि सासूबाई हजर. सासूबाई कॉटच्या कडेला बसल्या आणि चिडल्या की त्यांची भाषा अहिराणीकडे झुकते तशी झुकली. मला एवढंच कळलं की आमच्या घरात पहिलं लेकरू येतंय आणि ही मास्तरीण शहाणपणा करतेय. मी फिजिओथेरपीच्या बाईंचं सगळं सांगून पाहिलं. सांधे, बंध, पट्टा. कुणाला ऐकायचं नव्हतं. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, त्या बाई बरोबरही असतील. पण पाचच आठवडे राहिलेत. बसून वळल्याने बाळाचं तर काही बिघडत नाही ना? दुखेल तुला, पण मग कुणी काही म्हणणार नाही.

बघा हिशेब. बाळाचं बिघडत नाही, बिघडतं ते माझं, म्हणजे कुणाचंच नाही. बाबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. घरात तेच एक होते ज्यांनी न मागता कॉट दिली होती. ते चपला घालून बाहेर निघून गेले. आणि मी हो म्हटलं. भीती माझ्याही मनात शिरली होतीच, नाही कशाला म्हणू. बाळाच्या गळ्याची शपथ घातल्यावर कुठली बाई सांध्यांच्या गोष्टी सांगत बसेल.

ते पाच आठवडे. रात्री चारदा, पाचदा, उठून बस, मग वळ. पट्ट्याचा उपयोग उभं असताना व्हायचा, या बसण्याला तो पुरा पडत नव्हता. शेवटच्या दोन आठवड्यांत मी गुडघ्यांवर रांगत मोरीत गेले. आई मला धरायची, माझ्याबरोबर रडायचीही, पण सूट द्यायची नाही. बाहेरच्या खोलीत मी कण्हायला लागले की बाबा रेडिओ मोठा करायचे. मला वाटे, त्यांना सहन होत नाही.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. डॉक्टरबाईंकडे फिजिओथेरपीच्या बाईंची चिठ्ठी होती की हिचे पाय फार फाकवू नका, म्हणून त्यांनी मला कुशीवरच निजवलं आणि आयाबाईंनी वरचा पाय हातात धरून ठेवला. तेवढी एक गोष्ट त्या बाळंतपणात माझ्या बाजूने झाली. मुलगी झाली. डोकं बाहेर आलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, जरा थांबा, जोर देऊ नका. त्यांनी बोटाने काहीतरी डोक्यावरून सोडवलं, एकदा, मग परत एकदा. मग पोरीने असं भोकाड पसरलं की बाहेरपर्यंत गेलं. मी विचारलं, काय होतं? त्या म्हणाल्या, काही नाही, नाळेचे दोन वेढे होते, पुष्कळदा असतात.

दोन वेढे. मी बसून वळले होते. त्या पाच आठवड्यांत एक रात्रही चुकवली नव्हती.

आयाबाई बाळ घेऊन बाहेर गेली तेव्हा तिने हे बाहेरही सांगितलं. पोर बरी शे ना, एवढं विचारून सासूबाई माझ्या आईकडे वळल्या आणि म्हणाल्या, तरी मी म्हणत होते. हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं. आई म्हणे उभी होती ती बाकावर बसली. मग म्हणाली, "विहीणबाई, ती बसूनच वळली. पाचही आठवडे. मी शेजारी होते." नातीला मांडीवर घ्यायलाही तिला दोनदा सांगावं लागलं. सगळ्यांना वाटलं, थकली असेल.

बाळंतपण झालं की हे दुखणं जातं असं म्हणतात. पुष्कळ जणींचं जातं. माझं गेलं नाही. दीड महिना झाला तरी पोरीला घेऊन उठताना मला भिंत लागायची. फिजिओथेरपीच्या बाईंनी परत बोलावलं. आई बाळाला घेऊन माझ्या मागून एकेक पायरी चढली. बाईंनी मला तपासलं आणि विचारलं, शिकवलेलं करत नव्हता का? मी आईकडे बघितलं नाही. म्हटलं, जमलं नाही. त्यांनी सांगितलं की आता वेळ लागेल, पण हळूहळू व्यायामाने येईल. पुढे वर्ष गेलं त्यात. शाळेतल्या जिन्यावर मुलं मला ओलांडून धावत वर जायची.

मग आईने बाळ माझ्याकडे दिलं आणि बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. आपल्या पहिल्या बाळाचं तिने सांगितलं. दोन वेढे, पूर्ण दिवस, झोपल्या झोपल्या वळणं, सगळं. आणि विचारलं, मग माझं लेकरू कशाने गेलं?

बाईंचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, ते आता नाही सांगता येणार. काहीही असू शकतं. पण तुमच्या वळण्याने नाही.

"एवढं कागदावर लिहून द्याल?" आई म्हणाली. "यांना दाखवायचंय."

त्यांनी आपल्या दवाखान्याच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या, मराठीत, स्वच्छ अक्षरात. आईने तो कागद पदराच्या टोकाला बांधला. घरी येईपर्यंत दोनदा गाठ चाचपून पाहिली. मला वाटलं, सासू तर मेली, आता हिला दाखवायला दुसरं कुणी उरलेलंच नाही, म्हणून ती बाबांना दाखवतेय. ज्याने तीस वर्षं एका शब्दाने दुखवलं नाही त्याला निदान कळावं की बायको निर्दोष होती.

बाबा बाहेरच्या खोलीत खाली चटईवर बसले होते. कॉट अजून आतच होती. आईने कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. चार ओळींना लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, हे मला माहीत होतं. त्या वेळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं मला, वेढा कुणाच्या हातात नसतो, बायकोला धीर द्या. पण आईपुढे कसं बोलणार होतो मी.

मला किंचाळावंसं वाटत होतं. तीस वर्षं, आणि वर माझे पाच आठवडे. हा माणूस दारात उभा राहून चपला घालून निघून गेला होता. पण मी काही बोलायच्या आधी आईने त्यांच्या हातातून तो कागद काढून घेतला. तिचा आवाज चढला नाही.

"म्हातारी मेल्याला बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "आणि ही आत कण्हत होती, तेव्हा कुठली आई होती तुमच्यापुढे?"

त्यानंतर दहा वर्षं बाबा जगले, आणि आई त्यांचं सगळं करत राहिली, जेवण, औषधं, पाय चेपणं. देवमाणूस हा शब्द मात्र तिने त्यांच्यासाठी पुन्हा वापरला नाही.